‘पप्पा गलाईला गेलेत’

“नवरा वेगळा झाला असेल तर लेकराला दहावी होईपर्यंत काही सांगू नये. पप्पा लांब कामाला आहेत, सुट्टी मिळाली की येतील, एवढंच सांगावं. लहान मुलांना त्यातलं काही समजत नाही आणि खरं सांगितलं की मनावर परिणाम होतो. सांगायची वेळ आलीच तर बाप कसा होता ते सगळं स्पष्ट सांगावं, म्हणजे पोरगं आईच्या बाजूनं राहतं.”

दोन महिन्यांत हा मेसेज मला चार जणींनी पाठवला. चौघींचाही हेतू चांगलाच होता. मी विट्यात राहते, एका यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब बघते. मुलगा तिसरीत आहे. मेसेजमध्ये सांगितलंय तसंच मी सतरा महिने केलं, म्हणून लिहायला बसले.

आधी ‘लांब कामाला’चं बघू. आमच्या खानापूर-आटपाडी भागात ही थाप मारायला फार सोपी. अर्धं गाव गलाईला गेलेलं. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात इथली माणसं तामिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत पसरलेली आहेत. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील घरी नसतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. माझा नवरा तर खरोखरच गलाईत होता, अजूनही आहे. म्हणजे माझं वाक्य खोटंही नव्हतं. तो येत नव्हता त्याचं कारण मात्र ते नव्हतं.

पण गलाईवाल्यांच्या पोरांना वडिलांचं वेळापत्रक पाठ असतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गावच्या यात्रेला येतात, दिवाळीला येतात, रोज रात्री व्हिडिओ कॉल करतात, येताना कपडे आणतात. माझ्या मुलाकडे तुलनेला वर्गातली सात-आठ घरं होती. विट्यात दसऱ्याला पालख्यांची शर्यत असते, सगळं गाव रस्त्यावर. त्या गर्दीत त्याचा शेजारचा दोस्त त्याच्या वडिलांच्या खांद्यावर बसलेला. माझा मुलगा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता, पालखीकडे नव्हे. घरी येऊन विचारलं, “मम्मी, त्याच्या पप्पांना सुट्टी मिळते. आपल्या पप्पांचा शेठ वाईट आहे का?” मी हो म्हणाले. कधी न पाहिलेल्या एका शेठला मी वाईट ठरवून मोकळी झाले.

दोन दिवसांनी रात्री तो पांघरुणातून म्हणाला, “मी मोबाईल बादलीत पाडला नसता तर आले असते.”

मला आधी काही कळेना. मग आठवलं. तो सहा वर्षांचा असताना, यात्रेच्या सुट्टीत त्याच्या हातून वडिलांचा मोबाईल पाण्याच्या बादलीत पडला होता. वडील ओरडले होते. त्यानंतर दोनच दिवसांनी ते गेले ते कायमचे. आमचं भांडण त्याआधी तीन वर्षं चाललेलं, मोबाईलचा त्यात काडीचा संबंध नव्हता. पण पोरानं आधी काय झालं आणि नंतर काय झालं, यांची गाठ घातली आणि सतरा महिने ती पोटात ठेवली. या काळात तो फार शहाण्यासारखा वागायचा. काही मागायचा नाही, सांगायच्या आधी दप्तर भरायचा, ताटात काही टाकायचा नाही. मी चारचौघांत कौतुक सांगायचे. आता वाटतं, तो परतफेड करत होता.

मुलांना काही समजत नाही म्हणतात त्यांनी इथे थांबून बघावं. सहा ते नऊ या वयातलं मूल कारण शोधतंच. मोठ्यांनी दिलं नाही तर स्वतः बनवतं, आणि त्या वयात जगाच्या मध्यभागी तेच असल्यामुळे कारणही बहुतेक तेच निघतं. हे ओळखायचं कसं? रडणाऱ्या, चिडणाऱ्या मुलाकडे कुणाचं तरी लक्ष जातं. एकाएकी गुणी झालेल्या मुलाकडे जात नाही. ‘मी असं केलं तर पप्पा येतील का’ अशा धाटणीचे प्रश्न, शाळेच्या सकाळी दुखणारं पोट, कॅलेंडरवर सणांभोवती काढलेले गोल, हे सगळं आमच्याकडे होतं. पोटदुखीला मी ओव्याचा अर्क देत होते.

सांगितलं ते असं. रविवारी सकाळी, घरात दोघंच असताना, पावट्याच्या शेंगा सोलताना. समोरासमोर बसवून ‘तुझ्याशी बोलायचंय’ म्हटलं की पोरं घाबरतात. हाताला काम असलं आणि नजर खाली असली की बरं पडतं. झोपायच्या वेळी मुद्दाम टाळलं, कारण मग रात्रभर ते एकटंच असतं. वाक्यं आधी वहीत लिहून काढली होती आणि खोडून खोडून चारावर आणली होती. “पप्पा आणि मी आता एका घरात राहत नाही, पुढेही राहणार नाही. ते सुट्टी नाही म्हणून येत नाहीत, असं मी सांगितलं ते चुकीचं होतं. हे आम्हा मोठ्या माणसांच्यात ठरलं, तू काही केलंस म्हणून नाही, मोबाईलमुळे तर नाहीच. आणि तू कितीही चांगला वागलास तरी त्यानं हे बदलणार नाही, म्हणून तसं वागायची गरज नाही.”

चौथं वाक्य सगळ्यांत जड गेलं. ‘तुझी चूक नाही’ इथपर्यंत बऱ्याच जणी येतात. पण मुलाच्या डोक्यात पुढची पायरी असते: चूक नसली तरी मी काही केलं तर जुळेल. ती आशा हळूच काढून घ्यावी लागते, नाहीतर पोर वर्षानुवर्षं काम करत राहतं.

त्यानं सात-आठ शेंगा सोलल्या. मग विचारलं, “त्यांना माझी आठवण येते का?”

इथे सगळ्यांच्या तोंडी येणारं उत्तर म्हणजे ‘खूप येते, तुझ्यावर फार जीव आहे त्यांचा’. माझ्याही ओठावर आलं होतं. पण जो माणूस दीड वर्षात फोन करत नाही, त्याचं हे वागणं म्हणजेच जीव लावणं, असं मी पोराला शिकवणार होते का? मी म्हणाले, “त्यांच्या मनातलं मला माहीत नाही रे. माहीत असलेलं सांगते. तू झालास तेव्हा ते रात्रीची गाडी पकडून आले, दवाखान्यात तुला घेऊन दोन तास हलले नाहीत.” हे खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आताच्या प्रेमाची हमी मी देऊ शकत नाही, झालेल्या प्रेमाची देऊ शकते.

मनावर परिणाम झाला का? झाला. आठवडाभर चिडचिड, एकदा अंथरूण ओलं, ताटात भात तसाच. आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, एसटीत, आंघोळ करताना, एकदा तर पाहुण्यांसमोर. सुरुवातीला वाटलं, त्याला कळलंच नाही. तसं नव्हतं. उत्तर कालचंच आहे ना, एवढं तो तपासत होता. म्हणून घरातल्या सगळ्यांचं वाक्य एकच हवं. माझ्या आईला ते पटवायला मला पोराला पटवण्यापेक्षा जास्त दिवस लागले. परिणाम आधीही होतच होता, फक्त तो आवाज न करता होत होता.

दहावीबद्दल थोडक्यात. दहावीपर्यंत थांबणारं कुणी नसतं. एखाद्या लग्नात मावसभाऊ सांगतो, नाहीतर किराणा दुकानदार. कोर्टात ताब्याचा अर्ज पडला तर १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात मुलाचं हित बघताना, मूल समजण्याएवढं असेल तर त्याचं म्हणणंही विचारात घेता येतं. म्हणजे न्यायाधीश त्याच्याशी बोलू शकतात. आपले आईवडील वेगळे झालेत हे पोराला पहिल्यांदा तिथे कळावं, हे मला तरी सोसलं नसतं. आणि दहावीत कळलं तर त्याला वडिलांबद्दल एक गोष्ट कळेल, माझ्याबद्दल दुसरी: ही दहा वर्षं माझ्या तोंडावर खोटं बोलली.

आता ते ‘सगळं स्पष्ट सांगा’. एकदा जेवताना माझी आई बोलून गेली, “तुझ्या बापाला लाज असती तर...” पोरगं घास ठेवून उठलं. मागे गेले तर आरशासमोर उभं. आमच्याकडे पोराला बघितलं की पहिलं वाक्य हेच येतं, ‘अगदी बापावर गेलाय’. नाक, चालणं, डावरा हात, सगळं खरंच त्याचं आहे. बाप नालायक आणि मी बापासारखा, या दोन वाक्यांची बेरीज तिसरीतल्या पोरालाही येते. म्हणून आमचं का बिनसलं, ते मी त्याला सांगितलेलं नाही. “ते आमच्या दोघांतलं आहे. मोठा झालास की विचार, खोटं सांगणार नाही,” एवढंच. इथेही लिहीत नाही, उद्या तो हे वाचेल. मारहाण किंवा पळवून नेण्याची भीती असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मुलाला कुणाबरोबर जायचं नाही, हे नावानिशी सांगावंच लागतं. पण तो नियम झाला, बापाची निंदा नव्हे.

बाहेर बोलायला त्याला एक वाक्य दिलं, “माझे पप्पा वेगळे राहतात.” पुढचं विचारलं तर “घरातलं आहे” म्हणायचं. हे गुपित नाही, तोंड लपवायचं नाही, फक्त प्रत्येकाला उत्तर द्यायची सक्ती नाही. बाईंना मी पाच मिनिटं भेटून तेवढंच सांगितलं, आणि शाळेतून त्याला न्यायला कोण येणार तेही.

मार्चमध्ये त्यानं पप्पांचा नंबर मागितला. दिला. देण्याआधी, फोन उचलला नाही तर काय म्हणायचं ते ठरवून ठेवलं होतं: “उचलला नाही. का ते माहीत नाही. परत कधी लावायचा ते तू ठरव.” कामात असतील म्हणायचं नाही, बघ कसा आहे असंही नाही. पाच रविवारांत दोनदा उचलला गेला. सहाव्या रविवारी मी विचारलं, लावायचा का? तो सायकलची चेन बसवत होता. “आज नको, हात काळे आहेत,” म्हणाला.