रिफंडवरचं व्याज कमी आलं: आमच्या ऑफिसचं उत्तर

आमच्या क्लायंटचा रिव्ह्यू, एक तारा: ३१ ऑक्टोबरला येईल म्हणून सांगितलेला आयकराचा रिफंड फेब्रुवारीच्या २३ तारखेला जमा झाला. रिटर्न वेळेत भरलं होतं, तरी व्याज फक्त १,५६० रुपये. ऑफिसातला सहकारी म्हणतो एप्रिलपासून धरायला पाहिजे. रिटर्न भरून देणाऱ्या या ऑफिसला फोन केला तर "खात्यानं दिलं तेवढंच असतं" असं उत्तर. मिसेसच्या रिफंडवर तर एक रुपयासुद्धा व्याज नाही. फी घेताना तत्पर, नंतर कोणी विचारत नाही.

नमस्कार साहेब,

फोनवर दिलेलं ते उत्तर चुकीचं होतं. खात्यानं दिलं म्हणजे बरोबर, असं नसतं. मी माफी मागते. काल संध्याकाळी तुमची इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासून खात्यानं पाठवलेला हिशेब, मी स्वतः काढून बघितली. तुमचा सहकारी बरोबर बोलतोय, तुमचे १,८७२ रुपये येणे आहेत. आकडे इथे लिहायला तुम्ही फोनवर परवानगी दिलीत, म्हणून हिशेब उघडच मांडते. राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात हाच प्रश्न घेऊन इतरही येतात, त्यांनाही उपयोग होईल.

आयकर कायदा १९६१ च्या कलम २४४अ प्रमाणे रिफंडवर दरमहा अर्धा टक्का सरळ व्याज मिळतं. महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात, आणि रकमेतले शंभराच्या आतले रुपये सोडून देतात. रिफंड टीडीएसचा असेल आणि रिटर्न मुदतीत भरलेलं असेल तर मोजणी आकारणी वर्षाच्या १ एप्रिलपासून सुरू होते. रिटर्न मुदतीनंतर गेलं तर मात्र ते भरल्याच्या तारखेपासून. सगळा फरक इथेच पडतो.

तुमचा रिफंड ६२,४८० रुपयांचा, म्हणून व्याज ६२,४०० वर. एका महिन्याचं व्याज झालं ३१२ रुपये. एप्रिल २०२५ ते फेब्रुवारी २०२६ हे अकरा महिने, म्हणजे ३,४३२ रुपये. खात्यानं दिलेल्या १,५६० ला ३१२ नं भागा, बरोबर ५ येतात. फेब्रुवारीपासून मागे पाच महिने मोजले की ऑक्टोबर लागतो. इंटिमेशनमध्ये व्याजाचे महिने वेगळे लिहिलेले दिसले नाहीत तरी हा भागाकार कुणालाही घरी करता येतो, आणि चूक कुठे आहे ते त्यातून बहुतेक वेळा कळतं.

ऑक्टोबरच का, हे बघताना आमचीच एक गोष्ट पुढे आली. तुमचं रिटर्न आम्ही १२ सप्टेंबर २०२५ ला अपलोड केलं. मुदत वाढून १६ सप्टेंबरपर्यंत होती. पण आधारचा ओटीपी तुमच्या जुन्या नंबरवर जात होता, तो नंबर बदलून व्हेरिफिकेशन व्हायला ३ ऑक्टोबर उजाडला. आम्ही तेव्हाच नेट बँकिंगचा पर्याय सुचवायला हवा होता. तरीही नियम तुमच्या बाजूनं आहे. अपलोड केल्यापासून ३० दिवसांत व्हेरिफिकेशन झालं तर अपलोडची तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख. तुमचे २१ दिवस झाले. ३० दिवस उलटले असते तर व्हेरिफिकेशनची तारीख धरली गेली असती, रिटर्न उशिराचं ठरलं असतं, आणि मग मला काही म्हणता आलं नसतं.

व्याजाच्या हिशेबात ३ ऑक्टोबर धरलं गेलं असावं, असं महिन्यांवरून दिसतं. पण त्याच इंटिमेशनमध्ये कलम २३४फ चं विलंब शुल्क शून्य आहे. रिटर्न उशिराचं असतं तर तुमच्या उत्पन्नाला ५,००० रुपये शुल्क लागलं असतं, आणि जुन्या करप्रणालीतली तुमची घरकर्जाची वजावटही नाकारली गेली असती. दोन्ही झालेलं नाही. म्हणजे रिटर्न वेळेत आल्याचं खात्यानंच मान्य केलंय, फक्त व्याजाच्या ओळीत ते उतरलेलं नाही. व्याज दुरुस्त करून मागणारा आपला अर्ज याच मुद्द्यावर उभा आहे.

अर्जासाठी ताराबाई पार्कातल्या आयकर भवनात जायची सध्या गरज नाही. इंटिमेशन सीपीसीनं, म्हणजे रिटर्नची छाननी करणाऱ्या खात्याच्या बेंगळुरूच्या केंद्रानं काढली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच. पोर्टलवर `Services` मधून `Rectification` उघडायचं, आकारणी वर्ष २०२५-२६ निवडायचं आणि `Reprocess the return` हा प्रकार घ्यायचा. रिटर्नमधला आकडा दुरुस्त करायचा प्रकार घेऊ नये, कारण आपल्या रिटर्नमध्ये चूक नाही. `Refund Reissue` सुद्धा नाही, तो बँकेतून परत गेलेल्या पैशांसाठी असतो. हा गोंधळ करून महिने घालवलेले लोक मी पाहिलेत.

नुसत्या या अर्जात आपलं म्हणणं मांडायला जागा मिळत नाही, आणि तोच हिशेब पुन्हा येण्याची भीती असते. म्हणून जोडीला `Grievances` मधून सीपीसीकडे तक्रार टाकायची. मजकूर थोडका ठेवायचा: रिटर्न १२ सप्टेंबरला भरलं, ३ ऑक्टोबरला व्हेरिफाय झालं, विलंब शुल्क लावलेलं नाही, म्हणून व्याज १ एप्रिलपासून ११ महिन्यांचं ३,४३२ होतं, मिळालं १,५६०, फरक १,८७२ द्यावा. सोबत रिटर्नची पोच आणि इंटिमेशन. राहिलेल्या व्याजावर आणखी व्याज मागायचं नाही. कायद्यात नाही ते व्याज मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये गुजरात फ्लुरो केमिकल्सच्या निकालात स्पष्ट केलंय. असली मागणी घातली की मूळ मागणीही मागे पडते.

दुरुस्तीला मुदत भरपूर आहे. इंटिमेशन ज्या आर्थिक वर्षात निघाली त्याच्या अखेरीपासून चार वर्षं, म्हणजे ३१ मार्च २०३० पर्यंत. अर्ज पोचला त्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत खात्यानं निर्णय द्यायचा असतो. सीपीसीनं नाकारलं किंवा प्रकरण तुमच्या आकारणी अधिकाऱ्याकडे वर्ग झालं, तर हेच कागद घेऊन मी ताराबाई पार्कात जाईन.

वहिनींच्या बाबतीत मात्र खातं बरोबर आहे. त्यांचा ठरलेला कर ८६,००० आणि रिफंड ४,९००. रिफंड कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज देय नसतं, आणि इथे दहा टक्के म्हणजे ८,६००. तुमचा कर १,१८,०००, त्याच्या दहा टक्क्यांहून रिफंड कितीतरी मोठा, म्हणून तुम्हाला लागू होतं आणि त्यांना नाही. एकाच घरात दोन न्याय वाटावेत असं दिसतं खरं, त्यामुळे तुमचा राग मला समजतो. रिटर्न भरतानाच आम्ही हे सांगायला हवं होतं.

अर्ज आणि तक्रार दोन्ही मी उद्या सकाळी टाकते, त्याची फी नाही. फक्त ओटीपी तुमच्या नव्या नंबरवर येईल, तेव्हा अकराच्या सुमारास फोन जवळ ठेवा. आणखी एक, आलेलं १,५६० चं व्याज करपात्र आहे, ते आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नात 'इतर उत्पन्न' म्हणून येईल, आणि १,८७२ ज्या वर्षी हातात पडतील त्या वर्षी ते. यंदाच्या फाईलवर मी ते आजच लिहून ठेवलंय.