मेन ऑफ केला की पॅनेल मेलं?

"मेन ब्रेकर ऑफ करायचा, सुपरवायझरने एक कुलूप लावायचं, टेस्टर लावून बघायचं आणि कामाला लागायचं. मेथड स्टेटमेंट, रिस्क असेसमेंट हे ऑडिटरला दाखवायचे कागद."

असं म्हणणारे बरेच भेटतात. हे कुठे फसतं ते बघायला एमआयडीसीतल्या कारखान्याचं ४१५ व्होल्टचं साधं पॅनेल घेऊ: एक ट्रान्सफॉर्मर, लाइट गेली की एएमएफवर आपोआप सुरू होणारा डीजी, कपॅसिटर बँक आणि छतावरचं सोलर.

मेन ब्रेकर. तो ऑफ केला की एएमएफच्या लेखी लाइट गेली. काही सेकंदांत डीजी सुरू होतो आणि ज्या बसबारला आपण पाना लावणार, तिच्यावरच सप्लाय येऊ शकतो. म्हणून आधी डीजी: सिलेक्टर ऑफ, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, डीजीच्या ब्रेकरला कुलूप. मग फीडर उतरवायचे, सोलरचा एसी आयसोलेटर बंद करून कुलूप लावायचं, आणि शेवटी इनकमर, म्हणजे हाच मेन ब्रेकर, उघडून रॅक आऊट करायचा. सप्लाय गेला की सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो हे खरं, पण त्याच्या भरवशावर बसबारला हात लावायचा नाही. हा क्रम म्हणजेच मेथड स्टेटमेंट.

इनकमर रॅक आऊट झाला तरी ट्रान्सफॉर्मरकडून येणारी त्याची टर्मिनल्स जिवंतच असतात. इनकमर चेंबरमध्ये काम असेल तर एचटी ब्रेकर उघडून, रॅक आऊट करून, केबलला अर्थिंग देऊन तिथे कुलूप लावावं लागतं. स्पेस हीटरचा २३० व्होल्टचा सप्लायही बहुतेकदा लाइटिंग डीबीतून वेगळा आलेला असतो. मेन गेल्यावर कुठे काय जिवंत उरलं, हे जागेवर फिरून लिहिणं म्हणजे रिस्क असेसमेंट. दुसऱ्या पॅनेलचा कागद कॉपी केला तर नेमकं हेच सुटतं.

टेस्टर. निऑन टेस्टर पेटायला आपल्या अंगातून थोडा करंट जावा लागतो. रबर मॅटवर, हातमोजे घालून उभा असलेला माणूस जिवंत फेजवरही तो विझलेला पाहू शकतो. मीटर आधी चालू सप्लायवर तपासा, मग पॅनेलवर लावा, मग परत चालू सप्लायवर. फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा दहा जोड्या होतात. तीन पोलचा ब्रेकर न्यूट्रल तोडत नाही, म्हणून शेवटची जोडी गाळू नका. कपॅसिटरवर मात्र मीटर डीसीवर ठेवा. साठलेला चार्ज डीसी असतो आणि एसी रेंजवर शून्य दिसतं. आयईसी ६०८३१ प्रमाणे तो ३ मिनिटांत ७५ व्होल्टच्या खाली यायला हवा. डिस्चार्ज रेझिस्टर जळालेला असेल तर येत नाही, आणि ते बाहेरून कळत नाही.

एकच कुलूप. पुढे बसबार टाइट करणारी जोडी, मागे केबल टर्मिनेशनवाला. पुढच्यांनी "झालं" म्हटलं, सुपरवायझरने कुलूप काढलं, मागचा आतच. म्हणून हास्पवर प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप आणि किल्ली स्वतःच्या खिशात. ठिकाणं जास्त असली तर सगळ्या किल्ल्या एका लॉकबॉक्समध्ये ठेवून त्या बॉक्सला प्रत्येकाने आपलं कुलूप लावायचं. बसबारला लावलेल्या अर्थिंग सेटचे नंबर परमिटवर लिहा आणि सप्लाय देण्याआधी तेवढेच परत मोजून घ्या. एक सेट विसरला आणि इनकमर चढवला, तर १००० केव्हीए, ५ टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर त्या शॉर्टमध्ये सुमारे २८ किलोअँपिअर ओततो, तेही ब्रेकरसमोर माणूस उभा असताना.