जेवलास का रे, क्लाऊडमध्ये

तीन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि सोलापुरातल्या घरावर नजर ठेवायला जुळे सोलापूरच्या आमच्या गेटवर एक कॅमेरा बसवला. चोर काय आला नाही. पण आईला कुणीतरी सांगितलं की यात मुलगा दिसत नाही पण त्याला आपण दिसतो, झालं, रोज संध्याकाळी सहाला दूध आणायला निघताना ती कॅमेऱ्यापुढं उभी राहून विचारायची, "जेवलास का रे?" सहा वाजता कोण जेवतं, पण असो.

१२ एप्रिलला बदली घेऊन घरी आलो. आता कॅमेऱ्याचा क्लाऊड प्लॅन कशाला, दर महिन्याच्या १४ तारखेला दीडशे रुपये जायचे, तेवढ्यात शेंगा चटणी येते की. म्हणून १३ तारखेला मी ऐटीत ॲप डिलीट केलं. १४ ला सकाळी पैसे कटल्याचा मेसेज! म्हणजे ॲप गेलं तरी प्लॅन तिकडं सुखात नांदत होता, कारण मी फोनमधलं फक्त चित्र पुसलं होतं, ऑटोपे तसाच. मग उन्हाचा पारा चढला, मीही चढलो, आणि काम राहिलं.

५ मेला परत ॲप टाकलं, लॉगिन केलं आणि प्लॅन कॅन्सल केला. (ॲपवाल्यांनी तीनदा विचारलं खरंच जाणार का, इतकं तर लग्न करून जाणाऱ्या पोरीलाही कुणी विचारत नाही.) त्यावर लिहून आलं, प्लॅन १४ मेपर्यंत चालू राहील. यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन तिथला ऑटोपेही वेगळा बंद केला, एकदा हात पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. आणि म्हटलं, चला, नऊ दिवस आहेत, आईचे ते 'जेवलास का' निवांत उतरवून घेऊ, तीन वर्षांचा साठा आहे.

इथंच माझा गाढवपणा झाला. ८ मेला दुपारी ॲप उघडून मागं मागं सरकतोय तर ८ एप्रिलच्या पलीकडं काहीच नाही. कस्टमर केअरला फोन लावला, पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, तुमचा प्लॅन ३० दिवसांचा आहे, जुनं रेकॉर्डिंग रोज आपोआप जातं." म्हणजे तीन वर्षं पैसे भरले तरी साठा कायम एका महिन्याचाच! नवी क्लिप आली की जुनी गेली, आमच्या टाकीतल्या पाण्यासारखं. परत आणता येणार नाही, सर्व्हरवरूनच गेलंय म्हणे. आणि १४ तारीख ही प्लॅनची होती, क्लिपांची नव्हती. १४ मेला मी बसलो असतो तर दिसलं असतं फक्त १४ एप्रिलनंतरचं, तेव्हा तर मी घरातच होतो, आई कशाला कॅमेऱ्याला विचारेल! ५ मेला बसलो असतो तर ५, ६, ७ एप्रिल मिळाले असते, ते कडुनिंबाखाली झोप काढण्यात गेले.

उरल्या चार संध्याकाळी, ८ ते ११ एप्रिलच्या. त्यातली ८ तारखेची तर त्याच दिवशी सहाला जाणार होती, आणि घड्याळात साडेपाच. त्या तारखेला क्लिपा किती, चाळीस! कारण कडुनिंबाची फांदी हलली तरी कॅमेरा दचकतो. मग फक्त माणूस दिसलेल्या क्लिपांचा फिल्टर लावला, तर अकरा राहिल्या, चावीवाला, भाजीवाली, शेजारचे काका दोनदा, आणि पाच अठ्ठावन्नला आई. एकेक उघडायची, एकेक डाऊनलोड करायची, एकदम सगळं उतरवायची सोय आमच्या ॲपमध्ये नाहीच.

गॅलरीत उतरल्यावर सगळ्यांवर तारीख ८ मेचीच, म्हणून फाईलांना हातानं नावं दिली. ताईला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर आईचा चेहरा थालीपीठ झाला, मग डॉक्युमेंट म्हणून पाठवली तेव्हा नीट गेली. भावोजी म्हणाले, कॅमेरा ॲपमधून काढूनच टाक की, बरं झालं ऐकलं नाही, त्या पोरीनं सांगितलं होतं की डिव्हाईस काढलं की उरलेलं रेकॉर्डिंगही त्याच्याबरोबर जातं.

१४ नंतर क्लाऊडचा रकाना रिकामा झाला. लाईव्ह अजून दिसतं, आणि कॅमेऱ्यात एसडी कार्ड आहे त्यावर आठवडाभराचं राहतं, मग त्यावरच नवीन चढतं.

परवा सहाला मी हॉलमध्ये फोनवर लाईव्ह बघत बसलोय, तर आई गेटपाशी थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "जेवलास का रे?"

मी आतूनच ओरडलो, "आई, मी घरातच हाय की!"

"माहितंय की, तुला कुठं विचारलं? काय करलालास आत, दूध आण जा."