थोटूक म्हणजे कापूस नव्हे!

सिगारेट संपली की थोटूक चिमटीतून उडवायचं, बुटाने चिरडायचं आणि चालू पडायचं. कुणाच्या भरवशावर? म्हणे, "कापूसच तो, कुजेल." अहो, तो सेल्युलोज अ‍ॅसिटेट आहे, प्लास्टिक! वर्षानुवर्षं तसाच राहतो. पाऊस पडला की त्यातलं निकोटीन आणि जड धातू थेट गटारात, तिथून नदीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका लिटर पाण्यात साधारण एका थोटकाचा अर्क मिसळला, तर चार दिवसांत निम्मे मासे मेले. एका थोटकाने!

आणि उपाय काय, तर कोपऱ्यात एक मोठी कचरापेटी? पेटत्या थोटकाने तीच धुमसते! जिथे लोक सिगारेट विझवतात तिथेच, दारापाशी, बसथांब्यापाशी, अरुंद तोंडाची धातूची पेटी लावा. वर झाकण हवंच, नाहीतर पावसाने विष तिथूनच झिरपेल. लंडनमध्ये २०१५ साली दोन खाचांची मतपेटी लावली: आवडत्या खेळाडूला थोटकाने मत द्या. लोकांनी दिलं की!

पुनर्वापर करायचा तर थोटकं कोरडी आणि वेगळी हवीत. कागद, तंबाखू काढून तंतू धुवायचे. पण ते धुण्याचं पाणीही विषारीच. ते प्रक्रिया न करता गटारात सोडणार असाल, तर गोळा तरी कशाला करता?