शेवटच्या गाण्याचे सुरुवातीचे एकवीस सेकंद

आमच्या रेडिओवरच्या रॉकच्या साप्ताहिक कार्यक्रमाचा शेवटचा भाग होऊन चार दिवस झाले. त्याचे निवेदक, आमचे सर, निवृत्त झाले. या चार दिवसांत कितीतरी लोकांनी मला एकच विचारलं: "शेवटच्या गाण्याची सुरुवात कशी काय कापली गेली? निदान त्या दिवशी तरी नीट लावायचं होतंत." कन्सोलवर मी होतो, म्हणून उत्तरही मीच द्यायला हवं. ती चूक नव्हती. आणि माझ्या मते तो सरांच्या निरोपाच्या भाषणाचाच भाग होता.

आधी घड्याळाचं सांगतो. आमच्याकडे दहाच्या ठोक्याला बातम्या लागतात आणि त्या संगणक लावतो. दहा वाजले की तुम्ही रडत असा, हसत असा, गिटार टिपेला पोचलेली असो, तुमचा आवाज बंद. त्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासाचा हिशेब उलटा करतात, शेवटाकडून सुरुवातीकडे. सरांनी शेवटचं गाणं निवडलं होतं 'स्टेअरवे टू हेवन'. (हो, मलाही ते जरा ठरलेलं वाटलं होतं. "आयुष्यभर ते वाजवायचं टाळलं, आता एकदा वाजवू दे," म्हणाले.) आमच्या फाइलवर त्याची लांबी आठ मिनिटं दोन सेकंद आहे. सरांना गाणं संपल्यावर पाच सेकंद शांतता हवी होती. म्हणजे गाणं ९:५९:५५ ला संपायला हवं, म्हणजेच ते ९:५१:५३ ला सुरू व्हायला हवं. भाषण ९:४८ ला सुरू करायचं. हातात चार मिनिटांना सात सेकंद कमी.

आता हे गाणं असं की ते शेवटी विरत जात नाही. सगळी वाद्यं थांबतात आणि एकटा गायकाचा आवाज शेवटची ओळ म्हणतो. शेवटचे दहा सेकंद गेले तर गाणंच गेलं. सुरुवातीला मात्र पन्नासेक सेकंद नुसती गिटार आणि तिच्यावर हळूच येणारी बासरीसारखी वाद्यं आहेत, शब्द नाहीत. काही गमवावं लागलंच तर ते कुठून गमवायचं, हे आम्ही दुपारीच ठरवून ठेवलं होतं.

मी निरोपाची भाषणं बरीच ऐकली आहेत आणि बहुतेक फसतात. फसतात ती आभारांच्या यादीमुळे. तांत्रिक विभाग, वरिष्ठ, घरची मंडळी, आणि "ज्यांची नावं राहिली त्यांनी माफ करावं". घरी ऐकणाऱ्याला त्यातलं एकही नाव माहीत नसतं. सरांनी ती सगळी यादी पहिल्या दहा मिनिटांतच, दोन गाण्यांच्या मध्ये, वाचून टाकली. "हे आत्ताच उरकतो, नंतर आपल्याला वेळ लागणार आहे." त्यातला 'आपल्याला' लक्षात घ्या. सर माइकवर कधीच 'श्रोतेहो' म्हणाले नाहीत. रेडिओ ऐकणारा बहुतेक वेळा एकटाच असतो, त्याला अनेकवचनात हाक मारली की तो मागे वळून बघतो, असं त्यांचं म्हणणं.

भाषणाची सुरुवात त्यांनी एका कबुलीने केली. फार वर्षांपूर्वी त्यांनी एक एलपी चुकून मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगावर लावली होती. तेहतीसची तबकडी पंचेचाळीसवर फिरली की गाणं साधारण एक तृतीयांश जास्त वेगाने पळतं आणि आवाजही वर चढतो. सुरुवातीला नुसती वाद्यं होती, त्यामुळे त्यांच्या लक्षात आलं नाही. गायक चिमणीसारखा चिवचिवायला लागला तेव्हा आलं. गाणं थांबवायची हिंमत झाली नाही, म्हणून नंतर माइकवर ठोकून दिलं की हे दुर्मीळ ध्वनिमुद्रण आहे. "तू ते शोधत बसला असशील तर थांबव. तसं काही नाहीये. मी खोटं बोललो होतो." मी काचेच्या अलीकडे इतका हसलो की आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरवरून माझा हात काढून घ्यावा लागला.

मग दर आठवड्याला फोन करून एकाच बँडचं गाणं मागणाऱ्या एका माणसाची गोष्ट आली. सर ते गाणं क्वचितच लावत. आणि मग एका आठवड्यापासून फोन येणंच बंद झालं. सरांनी त्याचं नाव कधी विचारलं नव्हतं. इथे ते थांबले.

रेडिओवर थांबणं सोपं नसतं. सलग पंधरा सेकंद काही ऐकू आलं नाही तर आमची यंत्रणा समजते की बिघाड झाला, आणि राखीव संगीत सुरू करते. मी घड्याळाकडे बघत होतो. पाच. सात. शिवाय आणखी एक गोष्ट घडते, ती बाहेर फारशी कुणाला माहीत नाही. प्रसारणाच्या वाटेवर आवाज समतोल ठेवणारं एक यंत्र असतं. मोठा आवाज ते खाली दाबतं आणि लहान आवाज वर ओढतं. माणूस गप्प बसला की जे काही उरलेलं असतं तेच ते हळूहळू मोठं करत जातं. स्टुडिओत मला सरांचा श्वास ऐकू आला नव्हता. कानातल्या प्रसारणाच्या आवाजात मात्र आला: एक आत अडकलेला श्वास, खुर्चीची कुरकुर, कागद खाली ठेवल्याचा आवाज. तुम्ही घरी ते माझ्यापेक्षा जवळून ऐकलंत. नऊ सेकंद झाले आणि ते पुन्हा बोलू लागले.

हे नऊ सेकंद आणि पुढची दोन-चार लांबलेली वाक्यं, यांनी हिशेब मोडला. ९:५१:५३ झाले तेव्हा सर अजून बोलत होते. मी गाणं सुरू केलं, फेडर बंद ठेवून. म्हणजे गाणं आत धावतंय पण बाहेर जात नाहीये. त्याचा शेवट आता बरोबर वेळेवर येणार. मी हाताने खुणावलं: हळूच वर घेऊ का, तुमच्या बोलण्याखाली? सरांनी मान हलवली. नाही.

बहुतेक निवेदक हेच करतात, सुरुवातीच्या सुरावटीवर बोलत राहतात आणि पहिला शब्द यायच्या आत बोलणं संपवतात. ते कौशल्यच मानलं जातं. सरांना त्याचा राग. वाजवणाऱ्याने ते आपल्या बडबडीसाठी वाजवलेलं नाही, असं ते म्हणायचे आणि इतक्या वर्षांत त्यांनी हे एकदाही केलं नाही. लोकांना ते बंद गाणं 'कापलेलं' वाटलं. मला विचाराल तर, न ऐकवलेली गिटार ही खाली दबलेल्या गिटारीपेक्षा बरी. यावर कुणाचं वेगळं मत असेल तर असो.

९:५२:१४ ला ते म्हणाले, "बस, गाणं ऐक." नाव सांगितलं नाही. मी फेडर उघडला.

ब्रिटिश निवेदक जॉन पील १९६७ पासून बीबीसी रेडिओ वनवर होते. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये पेरूत असताना ते अचानक गेले. सदतीस वर्षं, आणि शेवटचं भाषण नाही. सरांना हे उदाहरण माहीत होतं. दुपारी चहा घेताना एवढंच म्हणाले, "मला वेळ मिळतोय, तर नीट वापरू."

शेवटची ओळ आली, पाच सेकंद शांतता, ठोके, बातम्या. लाल दिवा गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आम्ही दोघंच होतो. सरांनी नेहमीसारखी नोंदवही ओढली, गाण्याचं नाव लिहिलं, वेळ लिहिली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'सुरुवातीचे २१ सेकंद प्रसारित झाले नाहीत. कारण: निवेदक.' आणि खाली सही केली.