लाभांश जास्त म्हणजे भाव जास्त?

शेअर घेणाऱ्यांना असा सल्ला ऐकायला मिळतो: "नफ्यातला जास्त वाटा लाभांश म्हणून देणाऱ्या कंपनीचा शेअर वर जातोच. कंपनीत राहिलेला पैसा आपल्याला कधीच दिसत नाही. लाभांश न देणारी कंपनी घ्यायचीच असेल, तर फक्त आरओई, म्हणजे भागधारकांच्या भांडवलावरचा नफ्याचा टक्का, बघा, तो चांगला असला की झालं."

पहिल्या वाक्यातला 'च' काढावा लागेल. समजा, एका शेअरमागे नफा १० रुपये आहे आणि तेवढ्या जोखमीच्या शेअरवर गुंतवणूकदार वर्षाला १० टक्के परतावा मागतात. सगळा नफा दरवर्षी वाटला, तर शेअरची किंमत १०० रुपये. आता कंपनीने ४ रुपये वाटले आणि ६ रुपये धंद्यात घातले. त्या पैशावर ती कायम १५ टक्के कमावणार असेल, तर ठेवलेल्या प्रत्येक रुपयाचं मोल आज दीड रुपया होतं. लाभांशावरून शेअरची किंमत काढण्याच्या जेम्स वॉल्टर यांच्या १९५६ च्या सूत्राने ती येते १३० रुपये. तीच कंपनी ८ टक्केच कमावत असेल, तर रुपयाचे ८० पैसे होतात आणि किंमत ८८ वर येते. बरोबर १० टक्के कमावले, तर काहीही वाटा, किंमत १०० च. म्हणजे लाभांश वाढवून भाव वाढतो तो ८ टक्केवाल्या, अपेक्षेपेक्षा कमी कमावणाऱ्या कंपनीत. घोषणेनंतर शेअर उसळतो तेव्हाही पुष्कळदा बाजाराला 'आता हे पैसे वाया घालवणार नाहीत' एवढंच कळलेलं असतं.

दुसऱ्या वाक्याला उत्तर म्हणून अमेरिकेतली बर्कशायर हॅथवे ही कंपनी पुरेशी आहे. वॉरन बफे यांच्या काळात तिने एकदाच, १९६७ मध्ये, शेअरमागे १० सेंट लाभांश दिला. ठेवलेला पैसा भागधारकांना शेअरच्या भावातच दिसला. आपल्याकडे तर एप्रिल २०२० पासून लाभांश आपल्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो, तो वेगळाच.

खरी गोम तिसऱ्या वाक्यात आहे. आरओई ही जुन्या-नव्या सगळ्या भांडवलाची सरासरी असते, आपल्याला हवा तो नव्याने ठेवलेल्या पैशावरचा परतावा. पाच वर्षांत एका कंपनीचा शेअरमागचा नफा २० वरून २३ रुपये झाला आणि त्या काळात तिने शेअरमागे ५० रुपये ठेवून घेतले, असं धरा. ५० रुपयांवर वाढ ३ रुपयांची, म्हणजे ६ टक्के. जुना धंदा जोरात असल्याने आरओई तरीही २० टक्के दिसू शकतो. अपेक्षा १२ टक्क्यांची असेल, तर इथे ठेवलेल्या रुपयाचं मोल ५० पैसे!

या हिशेबात फटीही आहेत. पोलाद, साखर अशा चढउताराच्या धंद्यात तळाच्या वर्षापासून शिखराच्या वर्षापर्यंत मोजलं, तर कुठलीही कंपनी हुशार दिसते. आणि नफा कर्ज वाढवून वाढला असेल, तर त्याचं श्रेय ठेवलेल्या पैशाला देता येत नाही. वॉल्टर यांचं सूत्रही कंपनी बाहेरून पैसा उभा करत नाही आणि कमाईचा व अपेक्षेचा असे दोन्ही दर कायम राहतात, असं धरूनच चालतं.