मोबाइल ब्रँडचा नकाशा आणि त्यातला रिकामा कोपरा

«पर्सेप्च्युअल मॅपला काय लागतं? आडव्या अक्षावर किंमत, उभ्यावर दर्जा, वेबसाइटवरून माहिती काढून ब्रँड बसवायचे आणि कोपरा रिकामा दिसेल तिकडे आपला ब्रँड सरकवायचा. रिपोझिशनिंग झालं.»

पर्सेप्च्युअल मॅप म्हणजे ग्राहकांच्या मनात कोणता ब्रँड कुठे आहे हे दाखवणारा नकाशा, आणि रिपोझिशनिंग म्हणजे तिथली आपल्या ब्रँडची जागा बदलणे. नागपुरातल्या एमबीएच्या विद्यार्थ्यांमध्ये फिरणाऱ्या या कृतीत पहिली चूक अक्षांची आहे. ग्राहक किमतीवरूनच दर्जाचा अंदाज बांधतो. समजा, पाच ब्रँडना सात गुणांपैकी किमतीसाठी सरासरी २.३, २.९, ३.८, ५.२ आणि ६.५ गुण मिळाले, आणि दर्जासाठी त्याच क्रमाने २.८, ३.१, ४.१, ५.४ आणि ६.३. हे पाचही बिंदू जवळजवळ एका तिरक्या रेषेवर येतात, म्हणजे दोन अक्ष घेऊनही आपण जवळपास एकच गोष्ट मोजलेली असते. उरलेल्या दोन कोपऱ्यांपैकी एकात महाग पण सुमार फोन बसतो, जो कोणालाच नको असतो, आणि दुसऱ्यात स्वस्त पण उत्तम फोन, जो नफ्यात विकणे अवघड असते. म्हणून निवडीवर खरोखर परिणाम करणारे आणि परस्परांशी फारसे न जुळणारे गुण घ्यावेत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठणाऱ्या नागपुरात «उन्हात फोन तापत नाही» हा असा एक अक्ष होऊ शकतो आणि कॅमेरा हा दुसरा.

वेबसाइटवरची माहिती मुळात या नकाशाची सामग्रीच नव्हे. २०२० साली सॅमसंगच्या एस२० अल्ट्राचा मुख्य कॅमेरा १०८ मेगापिक्सेलचा होता, तर आयफोन १२ चा १२ मेगापिक्सेलचा. आकड्यांवरून नकाशा काढला, तर आयफोन तळाशी जाईल. सीताबर्डीत फोन घ्यायला आलेल्यांना गुण द्यायला सांगितले, तर तसे होण्याची शक्यता कमीच.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र रिकाम्या जागेची आहे, कारण तिथे मागणी आहे की नाही हे ब्रँडचे बिंदू सांगत नाहीत. त्यासाठी प्रत्येक उत्तरदात्याला त्याच्या आदर्श फोनलाही गुण द्यायला लावावे लागते आणि ते बिंदू गटवार मांडावे लागतात. समजा, दिवसभर उन्हात फोनवर रस्त्याचा मॅप लावून फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांचा आदर्श फोन न तापण्यात ६.२ आणि कॅमेऱ्यात ३.५ वर आला, तर आपला ब्रँड २.६ आणि ५.१ वर आहे. मुख्य अंतर तापण्याचे आहे. आता फोन खरोखर तापतो का, हे दुपारच्या उन्हात तपासावे. तापत असेल, तर आधी फोन सुधारायला हवा, कारण नुसत्या जाहिरातीने बिंदू हलला, तरी खरेदीनंतर तो परत खाली येईल. तापत नसेल, तर प्रात्यक्षिक आणि प्रसिद्धी यांवर भागते.

तरीही सरकवण्याआधी आजचे ग्राहक मोजावेत. कॅमेऱ्यासाठी येणारे दुरावणार असतील, तर मूळ ब्रँड जागेवर ठेवून वेगळे नाव आणणे बरे. वनप्लसने २०२० मध्ये कमी किमतीच्या फोनसाठी नॉर्ड ही मालिका अशीच वेगळी काढली.